टीव्हीवर क्रिकेट बघताना बॉल अडखळतो, दोन दिसतात किंवा मधेच गायब होतो? आधी हे तपासा

मी टीव्ही बसवून, सेटिंग करून द्यायचं काम करतो आणि मोठी सिरीज किंवा आयपीएल सुरू झाली की फोनवर येणारी तक्रार जवळपास एकच असते, सिनेमा एकदम छान दिसतो, बातम्या छान दिसतात, पण मॅच लावली की बॉल नीट दिसत नाही. बहुतेक जणांना वाटतं टीव्ही खराब आहे किंवा 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा, घ्यायला हवा होता. खरं तर अशा बऱ्याच घरांत एक रुपयाही खर्च न करता काम होतं, फक्त बिघाड नक्की कुठला आहे ते आधी ओळखायला हवं. त्यामुळे सेटिंगला हात लावायच्या आधी लक्षणं बघा.

तुमचं लक्षण यातलं कुठलं?

पहिलं म्हणजे झटके. बॅट्समनने कव्हर ड्राइव्ह मारला, कॅमेरा बॉलच्या मागे सीमारेषेपर्यंत फिरला आणि मागच्या जाहिरातींचे बोर्ड, प्रेक्षक सगळे सरकत जायच्या ऐवजी टुक टुक टुक असे उड्या मारत जातात. हे झटके एकसारखे, ठरावीक तालात असतात का अधूनमधून एखादा मोठा बसतो हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरं म्हणजे शेपटी. बॉलच्या मागे पुसट रेघ राहते, रात्रीच्या मॅचला जास्त, विशेषतः बॉल उंच गेला आणि मागे काळं आकाश किंवा अंधारातला स्टँड असेल तेव्हा.

तिसरं, सगळं दोन दोन दिसणं. दोन बॉल, बॅटला दोन कडा, धावणाऱ्या बॉलरला चार पाय.

चौथं, बॉल गायब होणं. पुल मारलेला बॉल गर्दीच्या समोरून जाताना क्षणभर नाहीसा होतो आणि पुढे परत उगवतो, किंवा बॅट्समनच्या कडेने हवा थरथरल्यासारखी दिसते.

पाचवं, कंगवा. स्टंप, बॅट, क्रीजच्या रेघा यांच्या कडेला हलताना बारीक आडवे दात दिसतात. हे डिशच्या किंवा केबलच्या बॉक्सवर दिसतं, ॲपवर सहसा नाही.

आता ही पाचही लक्षणं क्रिकेटलाच का छळतात ते थोडक्यात सांगतो, कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ताशी 140 किमीचा बॉल सेकंदाला साधारण 39 मीटर जातो. टीव्हीवर सेकंदाला 50 चित्रं येत असतील तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत बॉल जवळजवळ 78 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, आणि 25 च चित्रं येत असतील तर दीड मीटरच्या वर. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर 17.68 मीटर, म्हणजे अशा बॉलचा अख्खा प्रवास अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपतो, तेवढ्यात तुमच्या डोळ्यांना एकतर 25 चित्रं मिळतात नाहीतर 12-13. सिनेमा 24 चित्रांवर चालतो आणि छान वाटतो कारण कॅमेरा हळू फिरवलेला असतो आणि कोणी तुम्हाला सात सेंटीमीटरची वस्तू शोधायला सांगत नाही. बॉलरच्या मागच्या कॅमेऱ्यातून बॉल आपल्यापासून सरळ लांब जातो म्हणून पडद्यावर तो फार सरकत नाही, तिथे चालून जातं. फटका बसला आणि कॅमेरा आडवा फिरला की सगळी पोल उघडी पडते, त्यामुळे कुठलीही तपासणी करताना फटक्यानंतरचा भागच बघायचा.

पैसे नाहीत, पाच मिनिटं: पॉज करून बघा

ॲपवर मॅच चालू असेल तर बॉल आडवा पळताना पॉज करा. थांबलेल्या चित्रातच बॉल लांबट, पसरलेला दिसतोय का? मग ती धूसरता कॅमेऱ्यातूनच आलेली आहे, शटर जितका वेळ उघडा तितका बॉल पसरणार, आणि तुमचा टीव्ही कितीही महाग असला तरी ती जाणार नाही. थांबवल्यावर बॉल बऱ्यापैकी गोल आणि स्वच्छ पण चालू असताना शेपटी किंवा दोन बॉल, तर दोष चित्र दाखवण्यात आहे, म्हणजे पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. एकदा पॉज करून भागत नाही, चार-पाच फटक्यांवर करा, कारण क्लोज-अप आणि लांबच्या कॅमेऱ्यात फरक पडतो.

गेम मोड लावून एक ओव्हर बघा

हे मी सगळ्यात आधी करतो. पिक्चर मोडमध्ये जाऊन Game निवडा आणि एक ओव्हर फक्त बघा, रंग विचित्र वाटतील तिकडे लक्ष देऊ नका. गेम मोडमध्ये टीव्ही चित्रावरची बहुतेक प्रक्रिया बंद करतो, कारण गेम खेळणाऱ्याला उशीर चालत नाही. बॉल गायब व्हायचा थांबला, हवा थरथरायची थांबली, शेपटी कमी झाली तर गुन्हेगार सापडला, टीव्हीमधलीच कुठलीतरी प्रक्रिया आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष टीव्हीच्या आधी आहे किंवा पॅनलमध्ये, म्हणजे पडद्यातच आहे. काही टीव्हींत स्वतःच्या ॲपसाठी गेम मोड मिळत नाही, फक्त एचडीएमआयवर मिळतो, तिथे पुढचे तीन पर्याय एकेक करून बंद करा.

एक, नॉइज रिडक्शन. मेनूत Noise Reduction, MPEG Noise Reduction, Digital Clean View अशा नावांनी असतं. हे काय करतं, तर चित्रातले बारीक दाणे पुसायला लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढतं, आणि बॉल म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने एका चित्रात आहे दुसऱ्यात नाही असा ठिपकाच, मग तो अर्धा पुसला जातो आणि जुन्या जागी त्याची सावली राहते. शेपटीची तक्रार असेल तर मी आधी इथे जातो. पूर्ण Off करा, Auto नको.

दोन, शार्पनेस. खूप वाढवला असेल तर बॉलभोवती उजळ कडं येतं आणि ते दुसऱ्या बॉलसारखं भासतं. किती ठेवायचा हे टीव्हीप्रमाणे बदलतं, स्कोअरच्या पट्टीतल्या अक्षरांभोवतीचं पांढरं कडं जाईपर्यंत खाली आणा, तेवढं पुरे.

तीन, मोशन स्मूदिंग, म्हणजे ज्याला दुकानात एमईएमसी म्हणतात. मेनूत Picture Clarity, TruMotion, Motionflow, MEMC अशी नावं कंपनीप्रमाणे दिसतील. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ही सोय दोन खऱ्या चित्रांच्या मधे स्वतः तयार केलेलं एक चित्र घुसवते. त्यासाठी टीव्ही चित्राचे छोटे चौकोन पाडतो आणि कुठला चौकोन कुठे सरकला याचा अंदाज बांधतो. धावणारा फिल्डर मोठा असतो, त्याचा अंदाज बरोबर येतो. बॉल मात्र पडद्यावर जेमतेम काही पिक्सेलचा, एका चित्रात इथे, दुसऱ्यात बराच पुढे, आणि मागे हजारो प्रेक्षकांचे तसलेच ठिपके. टीव्हीला तो सापडत नाही, मग तो मधल्या चित्रात फक्त गर्दी रंगवतो, बॉल रंगवतच नाही. एका चित्रात बॉल आहे, पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात आहे. म्हणून गायब झाल्यासारखा वाटतो. बॅट जोरात फिरताना तिच्याभोवती हवा थरथरते तीही याच अंदाजाची चूक. त्यामुळे बॉल गायब ही तक्रार असेल तर हे बंद करून बघा, बहुतेक वेळा तिथेच काम संपतं. मात्र बंद केल्यावर झटके जाणवायला लागले, तर याचा अर्थ झटके आधीपासून होते आणि स्मूदिंग ते झाकत होतं. आता मूळ कारणाकडे जायचं.

आणि हो, स्पोर्ट्स मोडवर जाऊ नका. नाव बघून सगळे लावतात, पण बऱ्याच टीव्हींत त्यात शार्पनेस, रंग, स्मूदिंग सगळं एकदम वर नेलेलं असतं. स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड घ्या आणि त्यात वरचे तीन पर्याय हाताने लावा.

झटक्यांचं मूळ: 50 आणि 60 चा घोळ

भारतात टीव्हीचं प्रसारण 50 च्या हिशोबाने चालतं. एचडी चॅनेलवर सेकंदाला 50 अर्धी चित्रं येतात, एकदा विषम ओळी एकदा सम, यालाच 1080i म्हणतात. ॲपवरची लाइव्ह मॅच ही त्याच मूळ चित्रीकरणातून येते, क्वालिटीप्रमाणे 50 किंवा 25. आणि आपण जी स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स लावतो तो मात्र बऱ्याचदा 60 वर सेट असतो, कारण फोन, कॉम्प्युटर, यूट्यूब सगळी दुनिया 30 आणि 60 वर चालते. आता 50 चित्रं 60 जागांवर बसवायची म्हणजे काय करणार, दर पाचवं चित्र दोनदा दाखवणार. सेकंदाला दहा वेळा चित्र क्षणभर थांबतं आणि परत पळतं. सिरीयलमध्ये हे कळतही नाही. कॅमेरा बॉलमागे फिरला की मात्र बोर्डवरची अक्षरं टुकटुकतात, एकसारख्या तालात. वर लक्षणांमध्ये तालाचं विचारलं ते यासाठीच.

ओळखायची सोपी खूण अशी की तीच मॅच डिशच्या एचडी चॅनेलवर गुळगुळीत दिसते आणि स्टिकवर झटके देते. किंवा टीव्हीमधल्या ॲपवर बरी आणि बाहेरच्या बॉक्सवर वाईट. टीव्हीच्या रिमोटवर इन्फो बटण असेल तर ते दाबा, एचडीएमआयवर काय येतंय ते वरती दिसतं, 1080p 60Hz, म्हणजे सेकंदाला 60 पूर्ण चित्रं, वगैरे.

उपाय फुकट आहे. फायर टीव्ही स्टिकवर Settings, मग Display & Sounds, मग Display, तिथे Video Resolution मध्ये Auto च्या ऐवजी 1080p 50Hz निवडा. चित्र क्षणभर काळं होऊन परत येईल, घाबरू नका. तिथेच Match Original Frame Rate हा पर्यायही आहे, तो चालू ठेवायला हरकत नाही पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका, ॲपने साथ दिली तरच तो चालतो, लाइव्ह मॅचला हाताने 50 लावणं जास्त खात्रीचं. गुगल टीव्हीच्या बॉक्सवर Display & Sound मध्ये रिझोल्यूशनच्या यादीत 50Hz ची ओळ शोधा. ॲपल टीव्हीवर Match Content मध्ये Match Frame Rate आहे. मॅच संपली आणि यूट्यूब किंवा वेबसिरीज बघायची तर परत Auto करा, नाहीतर उलटा घोळ होतो, 60 ची चित्रं 50 मध्ये कोंबली जातात आणि तिथे झटके सुरू होतात.

नातेवाईक अमेरिकेत असतील आणि तिकडून हीच तक्रार करत असतील तर त्यांना हेही सांगा की तिकडचं प्रसारण 60 च्या हिशोबाचं आहे, त्यामुळे भारतातली मॅच तिथल्या चॅनेलवर जाताना 50 वरून 60 करूनच दाखवावी लागते. ते रूपांतर चॅनेलकडे झालेलं असतं, घरातल्या सेटिंगने परत फिरत नाही.

खात्री करायची असेल तर फोनचा स्लो मोशन वापरा

डोळ्यांवर भरवसा नसेल, किंवा घरात दोघांची दोन मतं असतील, तर हे करा. फोनचा स्लो मोशन सेकंदाला 240 फ्रेमवर लावा, फोन स्टँडवर किंवा पुस्तकांना टेकवून स्थिर ठेवा आणि कॅमेरा आडवा फिरतानाचे काही सेकंद टीव्हीचा व्हिडिओ घ्या. मग तो कॉम्प्युटरवर VLC मध्ये उघडून पॉज करा आणि E दाबत एकेक फ्रेम पुढे जा. बोर्डवरचं एक अक्षर धरा आणि ते जागचं हलेपर्यंत फोनच्या किती फ्रेम जातात ते मोजा.

साधारण पाच, पाच, मधेच चार, परत पाच असं आलं तर 50 चित्रं बरोबर मिळतायत. नऊ-दहा, नऊ-दहा आलं तर सेकंदाला 25 च येतायत. आणि चार, चार, चार, चार आणि मग एकदम आठ असं आलं तर 50 चं चित्र 60 वर चालवलं जातंय, तो आठ म्हणजेच दोनदा दाखवलेलं चित्र.

आमच्या ओळखीच्या एका काकांकडे 55 इंचाचा नवा टीव्ही, सोबत स्टिक. काकांचं म्हणणं टीव्ही बदलून घ्या, दुकानदाराचं म्हणणं टीव्ही ठीक आहे. डिशवर त्यांना फारशी तक्रार नव्हती, स्टिकवरच होती, तिथेच अंदाज आला होता. व्हिडिओ काढून मोजलं तर चार, चार, चार, चार, आठ, अगदी पुस्तकातल्यासारखं. स्टिक 1080p 50Hz वर टाकली, परत मोजलं, पाच-पाच-चार-पाच आलं आणि बोर्ड सरळ सरकायला लागले. काका म्हणाले, "अरे हे छान झालं, पण बॉलच्या मागे अजून धूर दिसतोय बघ." तो धूर नॉइज रिडक्शनचा होता, ते High वर होतं. Off केल्यावर धूर गेला, पण मैदानाच्या गवतात थोडे चौकोनी ठोकळे दिसायला लागले, कारण ॲपच्या चित्रात ते मुळातच होते आणि आतापर्यंत पुसले जात होते. काकांनी ठोकळे चालतील म्हटलं, बॉल दिसला पाहिजे. मीही तेच निवडलं असतं.

मोजून 25 आलं तर

मग दोष टीव्हीचा नाही, तुमच्यापर्यंत चित्रंच निम्मी येतायत. टीव्ही 50 वर चालत असेल तर प्रत्येक चित्र दोनदा दिसतं, पण आपली नजर तोपर्यंत बॉलच्या मागे पुढे सरकलेली असते, म्हणून तेच चित्र दोन जागी पडतं. दोन बॉल, चार पाय दिसण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण. ॲपमध्ये क्वालिटी Auto वर असेल तर हाताने सगळ्यात वरची निवडा, कारण नेट जरा ढेपाळलं की ॲप खालच्या क्वालिटीवर उतरतं आणि तिथे चित्रं निम्मी असू शकतात. वायफाय 2.4 वरून 5 गिगाहर्ट्झवर घ्या, राउटर लांब असेल तर लॅनची वायर लावून एक ओव्हर बघा. टीव्हीच्या ॲपवर 25 आणि त्याच खात्यावर चांगल्या स्टिकवर 50 असंही होतं, स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर दमतो, तिथे अधूनमधून मोठा झटका बसतो, ताल नसलेला. टीव्ही पूर्ण बंद करून, प्लग काढून परत लावला की काही वेळ बरा चालतो आणि परत तेच, ही त्याची खूण. तिथे वेगळी स्टिक लावणं हा माझ्या मते योग्य खर्च, आणि आधी शेजाऱ्याची आणून बघा.

सगळं करून 25 च येत असेल तर मोशन स्मूदिंग परत चालू करा, पण कमी. जिथे झटके कमी करणारा De-Judder सारखा आकडा 0 ते 10 मिळतो तिथे 2-3 वर ठेवा. बोर्ड जरा सरळ सरकतील, बॉल क्वचित तुटेल. हा सौदा आहे, प्रत्येकाने आपल्या डोळ्याला काय खुपतं त्याप्रमाणे ठरवायचं.

डिशचा बॉक्स आणि कंगव्याचे दात

आधी बघा की चॅनेल खरंच एचडीच लावलंय ना, बऱ्याच घरांत पॅक एचडीचा असतो आणि बघतात एसडी क्रमांकावर. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट शोधा, 1080i, 1080p, 720p असे पर्याय असतात. वर सांगितलेली अर्धी अर्धी चित्रं जोडून पूर्ण करायचं काम कोणीतरी करावं लागतं, एकतर बॉक्सने नाहीतर टीव्हीने. ज्याने दोन अर्धी चित्रं तशीच एकमेकांत घुसवली त्याच्याकडे बॅटच्या कडेला दात येतात, कारण दोन्ही अर्ध्यांच्या मधे बॅट पुढे गेलेली असते. आणि ज्याने एक अर्धं फेकूनच दिलं त्याच्याकडे 50 चे 25 होतात. कोण चांगलं करतं हे आधी सांगता येत नाही, म्हणून 1080i लावून एक ओव्हर, मग 720p लावून एक ओव्हर. 720p वर बॉक्सला 50 पूर्ण चित्रं द्यावीच लागतात. आकडा छोटा म्हणून 720p ला नाक मुरडू नका, मी अनेक घरांत क्रिकेटसाठी तेच ठेवून आलोय, स्थिर चित्र किंचित मऊ दिसतं पण पळता बॉल स्वच्छ.

एचडीएमआय केबल बदलू का, असं खूप जण विचारतात. केबल खराब असेल तर पडद्यावर चमचम ठिपके येतात, चित्र मधेच काळं होतं. झटके आणि शेपट्या केबलने येत नाहीत, महागडी केबल घेऊ नका.

सगळं बरोबर असूनही धूसर: आता पॅनलची मर्यादा

50 चित्रं नीट येतायत, प्रक्रिया बंद आहे, तरी कॅमेरा फिरताना बोर्डवरची नावं वाचता येत नाहीत. याचं कारण असं की आजचे एलसीडी आणि ओएलईडी टीव्ही प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतात आणि आपली नजर मात्र सरकत असते. हिशोब करून बघा. पडद्याची रुंदी 1920 पिक्सेल धरली आणि कॅमेरा फिरताना बोर्ड दोन सेकंदांत या टोकापासून त्या टोकाला गेला, तर सेकंदाला 960 पिक्सेल झाले, एक चित्र सेकंदाचा पन्नासावा भाग थांबतं, म्हणजे नजरेत 19 पिक्सेलची पसरट रेघ. 55 इंचाच्या टीव्हीवर ती सव्वा सेंटीमीटर भरते. तेवढ्यात अक्षर मिसळूनच जातं.

इथे मात्र 120 हर्ट्झच्या पॅनलचा खरा उपयोग आहे. असा टीव्ही 50 च्या मॅचला साधारणपणे 100 वर चालतो आणि स्मूदिंगने मधली 50 चित्रं बनवून घालतो, पसरट रेघ निम्मी, दहा पिक्सेलच्या आसपास. स्मूदिंग बंद ठेवलं तर तेच चित्र दोनदा दाखवलं जातं आणि 120 चा काहीच फायदा मिळत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. मूळ चित्रं 50 असल्याने मधला अंदाज 25 पेक्षा पुष्कळ बरा येतो, म्हणून अशा टीव्हीवर धूसरता कमी करणारा De-Blur 5-6 आणि De-Judder शून्याजवळ ठेवून बघा आणि बॉल गायब व्हायला लागला की एकेक आकडा खाली या. 60 हर्ट्झच्या पॅनलवर 50 ची मॅच असताना स्मूदिंगला मधे चित्र घालायला जागाच नसते, तिथे ते बंदच बरं. आणि खोक्यावर Motion Rate 120 किंवा 240 छापलेलं असणं म्हणजे पॅनल 120 चं असणं नव्हे, तो कंपनीचा स्वतःचा आकडा आहे. मॉडेलच्या माहितीपत्रकात पॅनलचा Native Refresh Rate काय आहे तेच बघा.

शेपटी फक्त काळोख्या भागात राहत असेल, उंच कॅचला काळ्या आकाशात, तर ते व्हीए प्रकारच्या एलसीडी पॅनलचं लक्षण आहे, गडद छटा बदलायला त्याला वेळ लागतो. ब्राइटनेस, म्हणजे बॅकलाइट वाढवून आणि पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. बॅकलाइट खूप कमी असेल तर काही टीव्हींत तो झरझर उघडझाप करतो आणि त्यानेही कडा दोन दिसतात, वाढवल्यावर ते कमी होतं. काळी चित्रं मधे घालायचा पर्याय, LED Clear Motion वगैरे, धूसरता खरंच घालवतो पण चित्र अंधुक होतं आणि 50 वर डोळ्यांना लुकलुक जाणवते. डोकं दुखणारा कोणी घरात असेल तर लावू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडल्यावर त्याच्याही अक्षरांना सावली किंवा दुसरी प्रतिमा दिसत असेल, स्थिर फोटोवरही दिसत असेल, सगळ्या इनपुटवर सारखंच असेल तर तो सेटिंगचा विषय नाही. पडद्यावर उभी किंवा आडवी रेघ कायम आहे, अर्धा पडदा गडद आहे, टीव्ही गरम झाल्यावर चित्र फाटायला लागतं, हेही तसंच. पॅनल, टी-कॉन बोर्ड किंवा बॅकलाइटचं काम असू शकतं. मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका चार्ज राहू शकतो, आणि मोठं पॅनल उचलताना कडेला जरा दाब पडला की तडकतं. व्हिडिओ बघून सर्व्हिस मेनूत शिरून आकडे बदलणं तर अजिबात करू नका, तिथला चुकीचा पॅनल कोड टाकला की चित्रच जातं आणि घरी परत आणता येत नाही.

वॉरंटी असेल तर कंपनीच्याच सर्व्हिसला कळवा. माणूस यायच्या आधी तीन गोष्टी तयार ठेवा: बिल, टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो ज्यावर पूर्ण मॉडेल नंबर आहे, आणि तो स्लो मोशन व्हिडिओ, एक मॅचचा आणि एक टीव्हीच्या मेनूचा. दुपारी तो येतो तेव्हा मॅच चालू नसते आणि "सब ठीक है" म्हणून जातो, व्हिडिओ समोर ठेवला की निदान टीव्हीच्या आतला बोर्ड तपासायला लागतो. वॉरंटी संपली असेल आणि पॅनल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या निम्म्यावर जात असेल तर मी दुरुस्तीला सांगत नाही. नवा घ्यायला जाल तेव्हा घरची स्टिक 1080p 50Hz वर लावून सोबत न्या आणि दुकानातल्या डेमोच्या फुलांऐवजी एखादी मॅच लावायला सांगा, कव्हर ड्राइव्ह येईपर्यंत उभे राहा.